हृदयाच्या आकृतीतला डावा-उजवा घोळ

> मुलीच्या आकृतीत डावा निलय उजवीकडे आणि फुप्फुस धमनी निळी. छपाईची चूक आहे काय?

चूक नाही. समोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचं हृदय काढलंय, म्हणून त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. रंगाचं म्हणाल तर हृदयापासून रक्त नेते ती धमनी. ते शुद्धच असायला हवं असं नाही.

तिला एकाच थेंबामागे बोट फिरवायला सांगा. महाशिरांतून उजवं अलिंद, त्रिदल झडप, उजवा निलय, अर्धचंद्राकृती झडप, मग ती निळी धमनी आणि फुप्फुसं. तिथून चार फुप्फुस शिरांतून, आता लाल होऊन, डावं अलिंद, द्विदल झडप, डावा निलय, पुन्हा अर्धचंद्राकृती झडप आणि महाधमनी. हा क्रम थेंबाचा. आकुंचन मात्र दोन्ही निलयांचं एकदमच होतं.

खानापूरला आम्ही बाजारातून बकऱ्याचं हृदय आणून उभं चिरलं होतं. डाव्या निलयाची भिंत उजव्यापेक्षा कितीतरी जाड, कारण त्याला सगळ्या अंगभर रक्त ढकलायचं असतं. झडपांना खालून पांढरे दोरेही दिसले. निलय आवळला की झडप अलिंदात उलटू नये म्हणून ते धरून ठेवतात. मुलीच्या आकृतीत हे दोरे आहेत का, बघा की.