सदस्यत्व रद्द केलं, तरी आईच्या कार्डातून ४,९९९ रुपये गेले

स्नेहल, न्यू जर्सी

नमस्कार मंडळी,
आई नागपूरला धरमपेठेत एकटी असते. तिच्या क्रेडिट कार्डावर ऑनलाइन योगवर्गाचं वार्षिक सदस्यत्व होतं. गुडघ्यांमुळे तिला आता जमत नाही, म्हणून १३ मार्चला रात्री साडेनऊ-दहाला मी इथूनच ते रद्द केलं. दहाच्या ठोक्याला ईमेल आला, 'आपले सदस्यत्व रद्द झाले आहे, नूतनीकरण होणार नाही.' तरी १५ मार्चला तिकडच्या सकाळी पावणेअकराला पैसे गेले. ओटीपीसुद्धा विचारला नाही. कंपनीचं म्हणणं, विनंती १४ तारखेला आली आणि मुदत १३ पर्यंत होती. आता काय करावं?

मंदार, शिकागो

बँकेला फोन कर आणि फ्रॉड म्हणून सांग. कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

पद्माकर काका, लक्ष्मीनगर, नागपूर

मंदार, नियम खरा आहे, पण तो भलत्यानेच पैसे काढले तर. इथे मागच्या वर्षी आईनेच ओटीपी देऊन मँडेट, म्हणजे दरवर्षी आपोआप पैसे कापायची परवानगी, दिली होती. फ्रॉड म्हटलं की आधी कार्ड बंद होईल. मग बँक जुना व्यवहार काढून 'हा तर तुमचाच' म्हणेल आणि तक्रार फेटाळेल. मी कार्ड विभागात असताना असे अर्ज पुष्कळ पाहिले. पैसे खरोखर लोकांचेच असायचे, फक्त कारण चुकीचं लिहिलेलं.

स्नेहल, तक्रारीत 'कॅन्सल्ड रिकरिंग', म्हणजे रद्द केल्यावरही झालेली ठरावीक वसुली, हे कारण निवडायचं. ओटीपीचं सांगतो. पंधरा हजारांपर्यंतच्या अशा वसुलीला दरवेळी ओटीपी लागत नाही, पण किमान २४ तास आधी सूचना पाठवावी लागते. तो एसएमएस आईच्या फोनवर शोध, फार मोलाचा आहे.

आता तारखेचं. तुझ्याकडे १३ च्या रात्रीचे दहा, म्हणजे आपल्याकडे १४ च्या सकाळचे साडेसात. त्यामुळे कंपनीची तारीख खोटी नाही, त्यावर भांडू नकोस. तुझ्या स्क्रीनशॉटवर १३ आणि त्यांच्या नोंदीत १४ दिसणार, तर हा वेळेचा फरक अर्जात स्वतःहून एका ओळीत लिही. नाहीतर वाचणाऱ्याला तूच तारीख बदललीस असं वाटेल. तुझी खरी ताकद 'नूतनीकरण होणार नाही' या वाक्यात आहे. उशीर झाला होता तर त्यांनी ते लिहायलाच नको होतं.

तो ईमेल नुसता फॉरवर्ड करू नकोस, मूळची वेळ त्यात नीट राहत नाही. जीमेलमध्ये Show original उघडून मूळ फाइल उतरवून घे, `Date:` च्या ओळीत वेळ आणि टाइम झोन दोन्ही असतात. त्यांच्या अटींच्या पानाचाही आजच पूर्ण स्क्रीनशॉट घे, वरचा पत्ता आणि तारीख दिसेल असा. अशी पानं बदलतात.

विजयाताई, मनीषनगर, नागपूर

माझंही असंच झालं. जिमचे सहा महिन्यांचे पैसे यूपीआयने भरले, दोन महिन्यांतच सोडलं, आता परत देत नाहीत. मी पण हेच लिहू का?

पद्माकर काका

नाही हो ताई, तुम्ही स्वतः एकदाच पाठवलेले पैसे आहेत ते. तुमच्यासाठी ग्राहक हेल्पलाइन, १९१५. पावतीवर परताव्याबद्दल काय लिहिलंय ते आधी पाहा.

मंदार

मग मँडेट तरी लगेच काढून टाक ना.

पद्माकर काका

काढायचंच, पण आधी बँकेच्या यादीतल्या त्या मँडेटचा फोटो घ्या. काढल्यावर नोंद दिसेलच असं नाही. आणि त्याने पुढची वसुली थांबते, गेलेले पैसे परत येत नाहीत.

स्नेहल

काका, एसएमएस मिळाला! १४ मार्च, सकाळी ९:१२. म्हणजे रद्द झाल्याचं त्यांनी कळवल्यावर पावणेदोन तासांनी वसुलीची सूचना आली. कार्ड आईच्या नावावर, म्हणून तक्रार तिच्याच लॉगिनमधून केली. ईमेल, एसएमएस, अटींचं पान आणि स्टेटमेंटमधली ती ओळ, सगळं जोडलं. तक्रार क्रमांक आला आहे. पण आज कंपनीने निम्मे पैसे देतो असं कळवलंय. घ्यावेत का?

मंदार

घेऊन टाक. आईच्या डोक्याचा ताप तरी संपेल.

पद्माकर काका

घेतलेस तर बँकेला तेवढी रक्कम मिळाल्याचं लगेच कळवावं लागेल. त्यांच्या ईमेलमध्ये 'अंतिम तडजोड' असं काही आहे का? असेल आणि तू होकार दिलास, तर उरलेले गेले. मी असतो तर बँकेचा निर्णय येईपर्यंत थांबलो असतो. कंपनी मुदतीच्या अटीवर अडून राहील आणि बँक ती अट धरेल की ईमेलमधलं वाक्य, ते आज मी सांगू शकत नाही. तीस दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, पण ती तक्रार बँकेच्या कामाबद्दल असते, कंपनीबद्दल नाही. आईंना शाखेत जायची वेळ आलीच तर मला फोन करायला सांग, मी सोबत येतो.