मदत हवी आहे: 40% + 20% म्हणजे 60% नाही का? बस्त्याच्या बिलात घोळ वाटतोय

बस्तावाली_वहिनी
नमस्कार मंडळी. नणंदेच्या लग्नाचा बस्ता काढायला परवा महाद्वार रोडला गेलो होतो. एका दुकानावर ‘40% + 20%’ असा बोर्ड होता, चार दुकानं सोडून दुसऱ्यावर ‘सरसकट 50%’. मी सासूबाईंना म्हटलं, इथं साठ टक्के सुटतात, मग पन्नासवाल्याकडं कशाला जायचं? पाच साड्या घेतल्या, टॅगवरची बेरीज बरोबर 24,000. मी मनात 9,600 धरून चालले होते. बिल आलं 12,240. काउंटरवर गर्दी, सोबत पाव्हणे, म्हणून पैसे भरून आलो. पण घरी आल्यापासून ते 2,640 रुपये डोक्यातनं जात नाहीत. हिशेब माझा चुकला की दुकानदाराचा? बदलून घ्यायला शनिवारपर्यंत मुदत आहे, त्याआधी कळलं तर बरं होईल.

पेठेतला_गडी
वहिनी, त्यांनी आधी 20 लावलं असणार आणि मग 40. मोठा डिस्काउंट आधी लावला तर गिऱ्हाइकाचा फायदा, लहान आधी लावला तर दुकानदाराचा. जाऊन सांगा, आधी 40 लावा म्हणून.

गणिताचे_सर
ताई, पहिली गोष्ट, 40 आणि 20 ची बेरीज करायची नसते. 100 रुपयांची वस्तू घ्या. 40 गेले, राहिले 60. दुसरा डिस्काउंट या 60 वर बसतो, मूळ 100 वर नाही. 60 चे 20 टक्के म्हणजे 12. हातात द्यायचे 48. म्हणजे एकूण सूट 52 टक्के. जे 8 कमी पडले ते कुठं गेले? पहिल्यांदा सुटलेले 40 रुपये आता किमतीतच नाहीत, त्यामुळं त्यांच्यावरची 20 टक्के सूटही मिळत नाही. 40 चे 20 टक्के, 8. दुकानात उभ्या उभ्या करायचं तर दोन्ही टक्क्यांची बेरीज करा आणि त्यातून दोघांचा गुणाकार भागिले 100 वजा करा: 60 वजा 8. 30 + 30 असेल तर 60 वजा 9, म्हणजे 51.

पेठेतल्या दादांचं मात्र बरोबर नाही. 24,000 वर आधी 40 लावा, 14,400 होतात, त्यावर 20 लावले की 11,520. आता उलटं करा. आधी 20, होतात 19,200, त्यावर 40 लावले की पुन्हा 11,520 च. शेवटी 24,000 ला 0.6 नं आणि 0.8 नं गुणायचं आहे, कोणी आधी बसलं तरी उत्तर हलत नाही.

पण ताई, तुमचं बिल 12,240 आहे. 52 टक्क्यांनी 11,520 यायला हवं होतं. 720 रुपये अजून सुटत नाहीत. बिलावर साडीनिहाय आकडे आहेत का?

पेठेतला_गडी
सर, मग माझ्या बाबतीत कसा फरक पडला? 2,000 चे बूट घेतले, 40 टक्के सूट आणि 500 चं कूपन. मी 700 देणार होतो, त्यांनी 900 लावले.

गणिताचे_सर
तिथं तुमचं म्हणणं खरं आहे. कूपन रुपयांत होतं. आधी 40 टक्के काढले तर 1,200, त्यातून 500 गेले की 700. आधी 500 काढले तर 1,500 आणि त्यावर 40 टक्के, म्हणून 900. दोन्ही टक्के असले की क्रमाला महत्त्व नाही. एक टक्का आणि एक ठोक रक्कम असली की क्रम पैसे खातो. टक्के आधी आणि ठोक रक्कम नंतर, हे आपल्या सोयीचं.

रंकाळा_काठ
मी पण लग्नाचीच खरेदी करतेय. ‘दोनवर एक फुकट’ म्हणजे 50% ना? राजारामपुरीत चालू आहे. आणि साड्या तिथं चांगल्या मिळतात का?

गणिताचे_सर
तीन सारख्या किमतीच्या घेऊन दोनचे पैसे द्यायचे, म्हणजे सूट एक तृतीयांश, 33 टक्क्यांच्या आसपास. तिन्ही वेगळ्या किमतीच्या असल्या तर बहुधा सगळ्यात स्वस्त तीच फुकट धरतात, मग सूट आणखी कमी. साड्यांचं मला सांगता यायचं नाही.

बस्तावाली_वहिनी
सर, बिल काढून बसले. 8,500 ची काठपदर, 4,500 च्या दोन, 4,250 ची एक आणि 2,250 ची एक. मधे ‘15,300’ असा एक आकडा आहे, त्याखाली 20% वजा करून 12,240. पण तुमच्या हिशेबानं मधला आकडा 14,400 हवा ना?

काउंटरवरचा
मी कपड्यांच्याच दुकानात बिलिंगला बसतो (हे दुकान आमचं नव्हे). 15,300 वरूनच कळतंय. 14,400 पेक्षा 900 जास्त, आणि 2,250 चे 40 टक्के बरोबर 900. म्हणजे त्या एका साडीला पहिला डिस्काउंट लागलेलाच नाही. ती फ्रेश माल असणार. टॅगवर रंगीत स्टिकर नसेल तर नक्कीच.

असल्या ऑफरमध्ये 40 हा बहुतेक वेळा ठराविक मालावर, टॅगवर असतो. 20 हा बिलावर, सगळ्याला मिळून. बोर्डावर दोन्ही एकाच मापाच्या अक्षरांत, पण ‘निवडक मालावर’ हे बारीक असतं. चार साड्यांचे 21,750, त्यातून 40 टक्के गेले की 13,050. त्यात फ्रेशचे 2,250 मिळवा, 15,300. मग सगळ्यावर 20. हिशेब चोख बसतो.

बस्तावाली_वहिनी
बघितलं. चार टॅगवर पिवळं स्टिकर आहे, 2,250 वालीवर नाही. म्हणजे मला एकूण सूट 49 टक्केच मिळाली. बोर्डाप्रमाणं 52, माझ्या डोक्यात 60, आणि शेजारी सरसकट 50 होती. तिथं हेच 12,000 ला झालं असतं.

काउंटरवरचा
ते तसं म्हणता येणार नाही वहिनी. तिथं पण फ्रेश माल वगळलेला असू शकतो, आणि तीच साडी त्यांच्याकडं त्याच टॅगला असेल असंही नाही. मी दोन दुकानं ताडताना टक्के बघतच नाही, शेवटी द्यायची रक्कम विचारतो.

रंकाळा_काठ
पण बोर्ड मोठा लावून अट बारीक लिहिणं ही फसवणूकच झाली ना?

गणिताचे_सर
बोर्ड नीट वाचल्याशिवाय मी तसं म्हणणार नाही. ताई शनिवारी जाताना मोबाइलवर बोर्डाचा फोटो काढून आणतील तर बघू.

बस्तावाली_वहिनी
आणते. एक शेवटचं विचारते. ती 2,250 वाली बदलून स्टिकरवाली घेतली, तर मला टॅगच्या 2,250 इतकीच साडी मिळणार का?

काउंटरवरचा
इथंच गिऱ्हाइकं चुकतात. आमच्याकडं बदलताना तुम्ही भरलेली रक्कम धरतात, टॅग नाही. त्यांचाही नियम तोच असला तर तुम्ही त्या साडीचे 2,250 मधून 20 टक्के वजा जाता 1,800 भरलेत, ते तुमच्या नावावर राहतील. स्टिकरवाल्या साडीला टॅगच्या 48 टक्केच द्यावे लागतात, तेव्हा 1,800 मध्ये 3,750 च्या टॅगपर्यंतची साडी बसते. 3,750 चे 2,250, आणि त्यावर 20 टक्के गेले की 1,800. फक्त आधी विचारून घ्या, बदललेल्या मालावर बिलाचा 20 टक्के पुन्हा देतात का. काही दुकानं देत नाहीत, मग 3,000 च्या टॅगवर थांबावं लागेल.

बस्तावाली_वहिनी
उद्या सकाळी गर्दी व्हायच्या आत जाते, सासूबाईंना घेऊन. 3,750 आणि 3,000 दोन्ही आकडे बिलाच्या मागं लिहून ठेवलेत.