टाकी सफाईची व्हॉइस नोट : सुरुवात कशी करायची?

सचिव, ए ५०१ : शनिवारच्या टाकी सफाईची सूचना आज बोलून पाठवायची आहे, कारण बरेच ज्येष्ठ सभासद वाचत नाहीत, ऐकतात. सुरुवात अशी लिहिली आहे, बघून सांगा.
"हां, सगळ्यांना नमस्कार. तर तुम्हाला माहीतच आहे की मागच्या मीटिंगमध्ये आपलं बोलणं झालं होतं, त्याप्रमाणे आता ते काम उद्या करायचं ठरलंय. तर काय आहे की…"

बी २०४ : सर, यात कोण बोलतंय ते कुठेच नाही. आणि काम कोणतं, तेही पंधरा सेकंद ऐकूनसुद्धा कळत नाही.

सचिव, ए ५०१ : नाव तर स्क्रीनवर दिसतंच ना?

सी १०३ : स्क्रीन बघत ऐकलं तर दिसतं. पण लागोपाठ आलेल्या व्हॉइस नोट एक संपली की दुसरी आपोआप सुरू होते. फोन बाजूला ठेवून किंवा कानात इअरफोन घालून ऐकणाऱ्याला माणूस कधी बदलला हे आवाजावरूनच ओळखावं लागतं.
दुसरी अडचण फॉरवर्डची. पुढे पाठवलेल्या नोटवर "फॉरवर्डेड" एवढंच येतं, मूळ बोलणाऱ्याचं नाव येत नाही. समजा तुम्ही म्हणालात, "काही शंका असेल तर मला फोन करा," आणि एखाद्या ताईंनी ती नोट त्यांच्या घरच्या ग्रुपवर टाकली, तर तिथे "मला" म्हणजे त्या ताईच ठरणार. म्हणून नाव आवाजातच हवं. नाव, पद आणि फ्लॅट, तिन्ही.

बी ६०२ : मग "नमस्कार" काढून थेट नावानेच सुरू करायचं का? वेळ वाचेल.

सी १०३ : नाही, काका. नमस्कार ठेवायचाच, आणि तोही पहिला. बोलणारे बहुतेक जण माइक दाबता दाबताच तोंड उघडतात, त्यामुळे पहिला शब्द अर्धा कापला जातो. ऐकणाऱ्याकडेही तेच होतं. ब्लूटूथ इअरफोन असेल तर आवाज सुरू व्हायला क्षणभर लागतो आणि सुरुवातीचा तुकडा जातो. त्या जागी "नमस्कार" असेल तर काही बिघडत नाही. नाव असेल तर नेमकं तेच जातं. शिवाय त्या एका शब्दात कान आवाजाला सरावतो, पुढचं नाव नीट पडतं.

ए ३०५ : रेकॉर्डिंग करताना माइक दाबून बोट वर सरकवा, म्हणजे ते लॉक होतं आणि बटण धरून बसावं लागत नाही. मग आकडा ०:०१ वर गेलेला दिसला की बोलायला लागा. फोनचा माइक खालच्या कडेला असतो, तिथे बोट किंवा तळहात येऊ देऊ नका. साधारण एक वीत अंतर पुरे.

बी २०४ : नावानंतर लगेच, निरोप कोणासाठी आणि कशाबद्दल. टाकी फक्त बी विंगची आहे ना? मग ए आणि सी विंगवाल्यांना दुसऱ्याच वाक्यात मोकळं करा. ज्याच्याशी संबंध नाही त्याने पूर्ण नोट का ऐकावी?

सचिव, ए ५०१ : बरोबर, फक्त बी विंग. मग असं?
"नमस्कार. मी सचिव, ए विंग पाचशे एकमधून बोलतोय. हा निरोप फक्त बी विंगसाठी आहे, पाण्याची टाकी धुण्याबद्दल. उद्या सकाळी पाणी बंद राहील."

सी १०३ : खूपच चांगलं. तीन दुरुस्त्या.
एक, नुसतं "मी सचिव" नको. आडनाव घ्या. कमिटी बदलते, जुनी नोट मात्र कोणाच्या तरी फोनमध्ये राहते.
दोन, "उद्या" काढा. काही जण नोट दुसऱ्या दिवशी ऐकतात, त्यांचा उद्या वेगळा. "शनिवारी" म्हणा आणि सोबत तारीख सांगा.
तीन, फ्लॅट नंबर "पाच शून्य एक" असा सुटा बोला. बरेच जण दीडपट किंवा दुप्पट वेगाने ऐकतात. त्या वेगात एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे सगळे सारखेच वाटतात. नाव आणि नंबर झाल्यावर एक श्वास थांबा. तेवढी फट नसेल तर नाव पुढच्या वाक्यात मिसळून जातं.

बी ६०२ : नोट किती मिनिटांची आहे तेही सांगावं का?

बी २०४ : माझ्या मते मिनिटांपेक्षा मुद्दे सांगावेत. "दोन गोष्टी सांगतो" म्हटलं की ऐकणारा दुसरी येईपर्यंत थांबतो. नाहीतर पहिली गोष्ट संपली की नोट बंद. टाकीच्या निरोपात दोनच मुद्दे आहेत : पाणी कधीपासून कधीपर्यंत बंद, आणि नळ पुन्हा सुरू झाल्यावर पहिलं गढूळ पाणी सोडून द्यायचं. हा दुसरा मुद्दाच सगळ्यांचा सुटतो, कारण तो शेवटी येतो.

ए ३०५ : सफाईवाल्यांचा फोन नंबर देणार असाल तर तेही आधीच सांगा : "शेवटी एक नंबर देणार आहे, लिहायला काही घ्या." नंबर आल्यावर पेन शोधायला गेलं की पूर्ण नोट पुन्हा ऐकावी लागते. त्यापेक्षा नंबर खाली लिहूनच टाका. बोललेलं ग्रुपमध्ये शोधता येत नाही, लिहिलेलं सापडतं.

सी १०३ : आणखी एक, टाकीशी संबंध नाही पण कमिटीला लागेल. थकबाकी किंवा कोणाच्या आजारपणाबद्दल एकाच सभासदाला नोट पाठवायची असेल, तर नावानंतरचं वाक्य हेच हवं : "हे खासगी आहे, स्पीकरवर लावू नका." शेवटी सांगून उपयोग नाही, तोवर घरातल्या सगळ्यांनी ऐकलेलं असतं. रात्री उशिरा नोट टाकत असाल आणि विषय साधा असेल, तर "काळजीचं काही नाही" हे विषयाच्या आधी म्हणा. काळजीचं असेल तर मात्र नोट नको, फोनच करा.

सचिव, ए ५०१ : लिहून घेतो. आता वाचा :
"नमस्कार. मी सचिव कुलकर्णी, ए विंग, पाच शून्य एक. (थांबणे) हा निरोप फक्त बी विंगसाठी आहे, पाण्याची टाकी धुण्याबद्दल. शनिवारी, चौदा तारखेला, सकाळी नऊ ते दुपारी एक पाणी बंद राहील. आदल्या रात्री पाणी भरून ठेवा. आणखी एक सूचना आहे, ती नळ पुन्हा सुरू झाल्यावरची. ती सांगतो."

बी ६०२ : मोजून बघितलं, सावकाश बोलून वीस-बावीस सेकंद झाले. लांब नाही का?

बी २०४ : नाही काका, कारण कामाचं निम्मं यातच सांगून झालं. इथे कोणी नोट बंद केली तरी त्याच्याकडे वार, तारीख, वेळ आणि काय करायचं एवढं पोचलेलं असेल. लांबण लागते ती "तर काय आहे की", "तुम्हाला माहीतच आहे" यांनी. ते आता एकही नाही.

ए ३०५ : सर, बोलून झाल्यावर लगेच पाठवू नका. रेकॉर्डिंग थांबवून पहिली पाच-सहा सेकंदं ऐका. "कुलकर्णी" पूर्ण ऐकू आलं नाही, किंवा मागे पंख्याचा आवाज आला, तर डिलीट करून पुन्हा बोला. आणि नोटच्या आधी एक ओळ टाईप करा : "बी विंग, टाकी सफाई, शनि. १४, स. ९ ते दु. १."

सचिव, ए ५०१ : टाकतो. सी विंगच्या टाकीसाठी वेगळी नोट करू की यातच जोडू?

सी १०३ : वेगळीच करा, सर. एका नोटमध्ये दोन विंग आल्या तर "फक्त बी विंगसाठी" हे वाक्य खोटं पडेल, आणि आमच्या विंगमधले तिथेच नोट बंद करतील.