विवरणात शिल्लक प्रती मागा

"नागपूरच्या प्रकाशकानं दोन वर्षांची रॉयल्टी थकवलीय. पत्रात काय लिहू?"

भाऊ, नुसतं ‘पैसे पाठवा’ लिहाल तर ‘पाहतो न’ एवढंच उत्तर येईल. कराराची तारीख अन् रॉयल्टीचं कलम टाकून विवरण मागा: किती प्रती छापल्या, किती भेट दिल्या, किती उरल्या. समजा १००० छापल्या, २० भेट गेल्या, ३८० शिल्लक आहेत. म्हणजे ६०० विकल्या. २०० रुपये छापील किंमत, १० टक्के रॉयल्टी, तर १२,००० रुपये झाले. शिल्लक न दाखवता नुसता विक्रीचा आकडा आला, तर तिथंच पाणी मुरतंय समजा. पत्र स्पीड पोस्टानंच पाठवा, धंतोलीतून सीताबर्डीला का असेना. दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं; त्याआधी थकबाकीची सही केलेली लेखी कबुली मिळाली, तर ती नव्यानं मोजतात.