शेड्यूलमधली चूक दुरुस्त करून घेताना: दुकान-गोदामाच्या आगीच्या पॉलिसीचे अनुभव

शटर_अर्धं_खाली
आज ओळखीच्या एका दुकानदाराची कागदपत्रं चाळताना जुनं प्रकरण आठवलं, म्हणून धागा काढतोय. बँकेच्या कॅश क्रेडिटपोटी काढलेली आगीची पॉलिसी होती. माल 40 लाखांचा, शेड्यूलवर म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावर 4,00,000. शिवाय मालाचा पत्ता म्हणून मालकाचं राहतं घर! बँकेच्या कर्ज फाइलमधला पत्ता उचलून तिथे टाकला की असं होतं. माल गोदामात आणि विमा घराच्या पत्त्यावर, म्हणजे क्लेमच्या वेळी भांडण ठरलेलंच.
अशा दुरुस्तीत कुठे अडकायला होतं ते लिहा. नुसतं "एजंटला सांगा" नको.

कोल्हापुरी_गूळ
आधी प्रीमियमची पावती बघा, बाकी सगळं नंतर. समजा दर हजारी 2 रुपये आहे. 40 लाखांचे 8,000 आणि जीएसटी 1,440, एकूण 9,440 होतात. 4 लाखांचे 944. पावती 9,440 ची असेल तर शून्य फक्त छापताना गळलंय, आणि ती दुरुस्ती पॉलिसी सुरू झाल्या तारखेपासून, जादा पैसे न भरता मागता येते. पावतीच 944 ची असेल तर मामला वेगळा. विमा कायद्याच्या कलम 64VB प्रमाणे प्रीमियम आल्याशिवाय कंपनीची जोखीम सुरू होत नाही, त्यामुळे वाढीव रक्कम बहुतेक वेळा पैसे भरल्या तारखेपासूनच धरतात.

मीनाक्षी_लातूर
30 दिवसांच्या आत पॉलिसी परत करायची, पैसे परत मिळतात. मग नवी बरोबर काढायची. सोपं आहे.

कोल्हापुरी_गूळ
@मीनाक्षी ताई, ती सवलत आयुर्विमा आणि आरोग्य विम्याला. दुकानाच्या आगीच्या पॉलिसीला तिच्यावर विसंबू नका. शिवाय जुनी रद्द आणि नवी अजून आलेली नाही, या मधल्या दिवसांत माल उघडा पडतो. एंडोर्समेंटच मागा, म्हणजे आहे त्याच पॉलिसीला जोडायचा दुरुस्तीचा कागद.

मीनाक्षी_लातूर
अच्छा. आरोग्याच्या पॉलिसीचा अनुभव होता, म्हणून लिहिलं.

सातबारा_वाला
पत्त्याबद्दल. गावाकडच्या गोदामाला "मु. पो. अमुक, ता. तमुक" एवढंच छापतात. गट नंबर हवाच. 112/2 चं 1122 झालेलं पाहिलंय, तो गट दुसऱ्याच टोकाला! पुराव्याला सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना 8, गोदामाचं लाइट बिल, आणि जीएसटी नोंदणीत ही जागा व्यवसायाचं जादा ठिकाण म्हणून दाखवली असेल तर तो कागद. तिन्हींवर पत्ता जुळला पाहिजे. नसेल तर आधी तो जुळवा, नाहीतर कंपनीचा माणूस विचारतो की खरा कोणता.

पुणेरी_पाऊस
माझी गाडी मागच्या महिन्यात घेतली, आरसी माझ्या नावावर आली पण पॉलिसी अजून जुन्या मालकाच्याच नावाने आहे. इथेच विचारू का?

सातबारा_वाला
@पुणेरी ती चूक नाही, हस्तांतर आहे. विक्रीपासून 14 दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. तुमचे ते दिवस गेलेत, तेव्हा आजच जा. आरसी, विक्रीचा कागद आणि जुनी पॉलिसी बरोबर ठेवा. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा, त्याचा फरक भरावा लागेल.

पुणेरी_पाऊस
धन्यवाद दादा, उद्याच जाते.

शटर_अर्धं_खाली
पत्त्याच्या बाबतीत एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. माल पहिल्या दिवसापासून त्याच गोदामात होता आणि कागदावर चुकीचं छापलं, तर ती दुरुस्ती. माल मध्येच दुसऱ्या जागी हलवला आणि आता पत्ता बदलून हवा, तर तो जोखमीतला बदल. आगीच्या पॉलिसीच्या अटीत दुसऱ्या इमारतीत नेलेल्या मालावरचं संरक्षण, कंपनीची संमती घेतली नाही तर, थांबतं. त्यामुळे माल हलवून मग "पत्ता चुकला होता" असं लिहू नका. ते खोटं निवेदन होतं आणि बरोबर असलेला भागही धोक्यात येतो.

आटाचक्की
आमच्या भावजींच्या गिरणीचं असंच आहे पण रक्कम बरोबर, नाव चुकलंय. पॉलिसी भावजींच्या नावाने, जीएसटी फर्मच्या नावाने. मालक एकच. चालतं ना?

कोल्हापुरी_गूळ
@आटाचक्की एकट्या मालकीची फर्म असेल तर "अमुक, मालक, मे. तमुक" अशी दुरुस्ती सहज होते, पैसे लागत नाहीत. पण भागीदारी असेल तर ती वेगळी व्यक्ती धरली जाते. माल फर्मचा आणि पॉलिसी एका भागीदाराची, हा मोठा घोळ. आधी खात्री करा कोणती आहे. आणि बँकेचं कर्ज असेल तर बँकेचं नाव शेड्यूलमध्ये आहे का तेही बघा.

आटाचक्की
भागीदारी आहे वाटतं, ताईला विचारते.

चहा_साखर_कमी
40 चे 4 झाले तर क्लेममध्ये नेमकं किती मिळालं असतं? 4 लाख तरी मिळतात ना?

कोल्हापुरी_गूळ
नाही, इथेच लोक फसतात. समजा 10 लाखांचा माल जळला. कमी विमा उतरवला म्हणून सरासरीचा नियम लागतो. 10 लाख गुणिले 4, भागिले 40, म्हणजे 1 लाख. 4 लाख नाहीत. 2021 पासूनच्या भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, पण ही तूट 90 टक्क्यांची.
रक्कम वाढवायचा खर्च त्यामानाने किरकोळ. 36 लाखांच्या वाढीचे वर्षाचे 7,200. 73 दिवस उलटले असतील तर उरलेल्या 292 दिवसांचे 5,760, त्यावर जीएसटी 1,036.80.

चहा_साखर_कमी
बापरे. आजच शेड्यूल काढते.

नाशिक_डाळिंब
अर्ज मराठीत दिला तरी चालतो, पण चार गोष्टी स्पष्ट लिहा: काय छापलंय, काय हवं, पुरावा कोणता, कोणत्या तारखेपासून. चौथी सगळे विसरतात. ईमेल कंपनीच्या शाखेला, प्रत बँकेला, कारण प्रीमियम बँक कापते आणि पुढचा नूतनीकरणाचा तपशीलही तिथूनच जातो. प्रपोजल फॉर्मची, म्हणजे विमा घेताना भरलेल्या अर्जाची, प्रत जोडा. ती नसेल तर आधी तीच मागवा, त्याशिवाय चूक कोणाची हे ठरत नाही. प्रपोजलमध्ये 40 लाख असूनही पॉलिसी 4 ची आली, तर "पॉलिसी प्रपोजलप्रमाणे नाही" हा विमा लोकपालाकडे तक्रारीचा मान्य मुद्दा आहे. एकल मालकी आणि सूक्ष्म उद्योगांना तिथे जाता येतं. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, तिने नाकारली किंवा महिनाभरात उत्तर नाही दिलं की मग. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे इथे कार्यालयं आहेत.

शटर_अर्धं_खाली
पावती 944 ची पण प्रपोजल 40 लाखांचं असेल तर? मला वाटतं कंपनीने पहिल्या तारखेपासून द्यायला हवं, चूक त्यांची. फरक भरायला माणूस तयार असतोच.

कोल्हापुरी_गूळ
मला तसं वाटत नाही. 944 भरून घेतले तेव्हा दुकानदारानेही पावती पाहिली होती. कंपनी "आजवर कोणतंही नुकसान झालेलं नाही" असं लिहून घेऊन मागच्या तारखेपासून देते, असंही झालंय, पण तो हक्क म्हणून धरू नये.

नाशिक_डाळिंब
हे दोन्ही प्रकारे जाताना पाहिलंय. म्हणून ईमेल लवकर, नुकसान व्हायच्या आधी.

खारे_दाणे
एंडोर्समेंट आली की तीही वाचा. एका शेडच्या दुरुस्तीत पत्ता बरोबर झाला आणि पिनकोड चुकला. आणि मूळ शेड्यूल परत छापून येत नाही, हा वेगळा कागद असतो. दोन्ही एकत्र टाचून ठेवा. नूतनीकरणाला कधीकधी जुनाच डेटा उचलला जातो, म्हणजे दुरुस्ती पुसली जाते. पुढच्या वर्षी परत बघायचं.

आटाचक्की
ताईला विचारलं. भागीदारी आहे, तिघांची. पण गिरणीच्या शेजारच्या गाळ्यातही माल ठेवतात, तो पॉलिसीत कुठेच नाही. आता नावासोबत तोही एकाच अर्जात मागायचा की वेगळा?

कोल्हापुरी_गूळ
वेगळा. नाव ही दुरुस्ती, गाळा ही नवी जागा, त्याला प्रीमियम लागेल. एकत्र केलं तर नावाचं काम गाळ्यासाठी अडकून बसेल. गाळ्याची पावती हातात येईपर्यंत तिथला माल पॉलिसीबाहेरच समजा.