वॉश केअर टॅगवरून जीन्स डुप्लिकेट वाटतेय, मदत हवी आहे

मंडळी, सेकंडहँड लिवाइस 501 बघतोय, विकणाऱ्याने फक्त फोटो पाठवलेत. कंबरेमागचा पॅच एकदम झकास, पण तो तर कोणीही शिवून देतं. आतल्या वॉश केअर टॅगवर त्रिकोणावर फुली आहे, म्हणजे ब्लीच नको, आणि खाली इंग्रजीत छापलंय की गरज पडल्यास ब्लीच करा! शिवाय चिन्हं टब, त्रिकोण, चौकोन, इस्त्री, गोल अशा क्रमाने असतात ना, इथे इस्त्रीच पहिली. जुना टॅग धुवून धुवून पुसट होतो हे मान्य, पण क्रम कसा बदलेल? वरच्या बटणाच्या मागचा नंबर बऱ्याचदा टॅगवरच्या फॅक्टरी कोडशी जुळतो म्हणे, तर तो फोटो मागवू की एवढ्यावरच नाद सोडू?