टोचणारा 'स', तोंडातला चटचटाट आणि दम: मराठीत काय म्हणावं?

खानापूरकर: म्हादई खोऱ्यावरच्या एका माहितीपटाचं मराठी निवेदन रेकॉर्ड केलंय. माइक तोंडापासून जेमतेम चार बोटांवर होता. संकलन करणारा मित्र कानडी भाषक, तो 'सिबिलन्स, क्लिक, ब्रीद' म्हणतो. निवेदिकेला सूचना मात्र मराठीत लिहून द्यायच्या आहेत. 'कुशीतून सोसाट्याचा वारा सुटतो' या वाक्यात 'स' कानाला टोचतो. त्याला 'सीत्कार' चालेल का?

निपाणीचे मास्तर: सीत्कार नको. सीत्कार हा श्वास आत ओढतानाचा आवाज, काव्यात त्याला वेगळा रंग आहे. 'स' तर श्वास बाहेर सोडताना होतो. श, ष, स, ह यांना व्याकरणात ऊष्म वर्ण म्हणतात, म्हणून 'ऊष्मघर्षण' लिहा.

शहापूर स्टुडिओ: सर, अर्थ बरोबर, पण कामाला तो शब्द पुरत नाही. 'ह' ऊष्म असूनही कधी टोचत नाही. उलट 'चाक' मधला 'च' ऊष्म नाही, तरी 'स' इतकाच टोचतो. आम्ही सरळ 'स टोचतोय' म्हणतो, निवेदिकेलाही ते लगेच कळतं.

अनगोळकर: एवढं कशाला? इक्वलायझरमध्ये ६ हजार हर्ट्झच्या वरचं सगळं खाली ओढा. 'स' गप्प बसतो की.

शहापूर स्टुडिओ: बसतो, पण निवेदन पांघरुणाआडून बोलल्यासारखं होतं, कारण ती कपात 'वारा' वरही लागते. डी-एसर फक्त 'स' आला की तेवढ्यापुरता दाबतो. बाईंच्या आवाजात 'स' चा जोर बहुधा ६ ते ९ हजारांत असतो, 'श' चा बराच खाली, ३ ते ५ हजारांच्या आसपास. म्हणून 'सोसाट्याचा' वर बसवलेला डी-एसर 'कुशीतून' ला जवळजवळ हात लावत नाही. 'श' टोचत असेल तर तो हाताने, त्या तुकड्याचा आवाज कमी करून घ्यावा. दाब ४-५ डेसिबलपासून सुरू करा. जास्त झाला की 'सोसाट्याचा' चं 'थोथाट्याचा' ऐकू येतं. काढलेला भाग वेगळा ऐकता येत असेल तर तो ऐका. त्यात नुसती 'स्स' हवी, अख्खं अक्षर ओळखू आलं तर दाब जास्त झाला.

येळ्ळूरकर: आमच्या भजनी मंडळाच्या रेकॉर्डिंगमध्ये बुवांचा दम फार ऐकू यायचा. आमच्या पोरानं प्रत्येक दम कापून टाकला. आता ऐकताना आपलाच जीव गुदमरतो. भजनाला कुठला डी-एसर घ्यावा?

शहापूर स्टुडिओ: डी-एसरचं काम ते नव्हे, काका. दम कापायचा नाही, ८-१० डेसिबलनं खाली न्यायचा आणि दोन्ही कडा हळूच उतरत्या करायच्या. पूर्ण कापला की खोलीचा बारीक आवाजही त्यासोबत जातो आणि मध्ये भोक पडल्यासारखं वाटतं. कापलेल्या जागी त्याच खोलीतली बोलण्याविना रेकॉर्ड केलेली शांतता भरा.

खानापूरकर, तुमच्याकडे अडचण चटचटाटाची असेल. स्पेक्ट्रोग्राममध्ये तो केसाएवढी उभी रेघ दिसतो, 'स' मात्र वरच्या पट्ट्यात ढगासारखा पसरतो. पण 'ट', 'क' चा स्फोटही तशीच रेघ असते. 'सोसाट्याचा' मधल्या 'ट' आधी क्षणभर शांतता असते आणि स्फोटानंतर लगेच पुढचा आवाज येतो. ती रेघ राखायची. शब्द सुरू होण्याआधी किंवा स्वराच्या मधोमध सुटी पडलेली रेघ चटचटाटाची. यंत्राला सगळ्या फाइलवर सोडलं तर 'ट' बोथट होतो. ऑडॅसिटीतलं `Click Removal` मुळात जुन्या तबकड्यांच्या खरखरीसाठी आहे, त्याच्यावर फार विसंबू नका.

निपाणीचे मास्तर: 'चटचटाट' म्हटलं की मला विस्तवाचा आवाज आठवतो. 'टिचकी' बरी.

खानापूरकर: टिचकी बोटांची असते, सर. आमच्याकडे कोरड्या तोंडाच्या आवाजाला 'चिकचिक' म्हणतात. मग क्रम कसा ठेवू?

शहापूर स्टुडिओ: आधी चिकचिक, मग दम, मग 'स', शेवटी कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसर आधी लावला की मोठे शब्द दबतात, मग पातळी वर घेताना दम आणि 'स' दोन्ही वर येतात.

अनगोळकर: मी 'स' कॉम्प्रेसरनंतर दाबतो. कॉम्प्रेसरनं वर आणलेला 'स' तिथेच पकडता येतो.

शहापूर स्टुडिओ: तसंही करणारे आहेत. दोन्हीकडे थोडं थोडं करणारेही आहेत. पण पुढच्या वेळी माइक वीतभर लांब आणि तोंडाच्या रेषेपासून जरा बाजूला धरा. दातांमधून सुटणारी हवा सरळ कॅप्सूलवर येत नाही, निम्मं काम तिथंच होतं. मध्येमध्ये पाण्याचा घोटही द्या.

खानापूरकर: ते एकच वाक्य करून बघितलं. 'सोसाट्याचा' मधला 'स' ५ डेसिबलला सुधारला, ७ ला बोबडा झाला. 'कुशीतून' चा 'श' हातानं ३ नं कमी केला. 'सोसाट्याचा' मधला 'चा' मात्र अजून टोचतोय. डी-एसर त्याच्यावर नीट लागतच नाही. तो आवाज फार थोडा वेळ असतो म्हणून की काय?